विश्लेषण : फिर्यादीतला एक स्वल्पविराम सुटला, तर आरोपी चार की पाच?

कन्नड तालुक्यात बांधावरून भांडण होते, तेव्हा फिर्याद मराठीत लिहिली जाते. तेच प्रकरण जामिनासाठी किंवा गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात पोहोचले, की त्या फिर्यादीचा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. अडचण इथेच सुरू होते. घाईत टंकलेल्या मूळ मजकुरात पूर्णविराम नसतो, अनुस्वार गळालेला असतो आणि एका वाक्यात दुसरे वाक्य घुसलेले असते. इंग्रजीत मात्र वाक्य कुठेतरी संपवावेच लागते. मग लिहिणाऱ्याला नेमके काय म्हणायचे होते, हे कोण ठरवते आणि कसे?

मराठी फिर्यादीचा इंग्रजी अनुवाद का लागतो?

महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे कामकाज मराठीत चालू शकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा मात्र इंग्रजी आहे. छत्रपती संभाजीनगर येथे 1981 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. कन्नडहून तिथे जायला साधारण साठ किलोमीटरचा रस्ता आहे, पण कागदाला त्या वाटेत भाषा बदलावी लागते. खंडपीठात मराठी जाणणारे न्यायमूर्ती आणि वकील असतात. शंका आली तर ते मूळ कागद उघडून पाहू शकतात. प्रकरण दिल्लीला गेले, की ही सोय उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या नियमांनुसार इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या कागदासोबत अनुवाद द्यावाच लागतो. तिथे मराठी न येणाऱ्या न्यायमूर्तींसमोर तो अनुवाद हाच मजकूर असतो.

म्हणून अनुवादकाने एखादी चूक सहज म्हणून दुरुस्त केली, किंवा चुकीच्या जागी वाक्य तोडले, तर पुढे वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. त्याला फक्त नीटनेटके इंग्रजी दिसते.

असा मजकूर प्रत्यक्षात कसा दिसतो?

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. पुढचा मजकूर कोणत्याही खऱ्या प्रकरणातला नाही, नावेही काल्पनिक आहेत. त्यातल्या चुका मात्र रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

"दि 31/06/2025 रोजी सकाळी 8 वा चे सुमारास मी व माझे पती आमचे शेतात बांधावरील गवत काढत असता शेजारील गणेश रामदास काकासाहेब व भीमराव तेथे आले व म्हणाले बांध आमचा आहे तुम्ही कोरला मी त्याना समजावून सागितले असता त्यानी माझे पतीस काठीने मारले डोक्यावर डावे हातावर मुक्का मार लागून रक्त निघाले मी सोडविण्यास गेले असता मला ढकलुन दिले व त्याची पत्नी हिने शिवीगाळ केली"

गावातल्या माणसाला हे वाचून भांडण डोळ्यांसमोर उभे राहील. पण त्याला विचारले, की भांडायला किती जण आले होते, काठी कोणी मारली आणि रक्त कुठून निघाले, तर तो दुसऱ्यांदा वाचायला घेईल. अनुवादकाला ही तिन्ही उत्तरे पहिली ओळ लिहिण्याआधी हवी असतात.

पूर्णविराम नसताना वाक्य कुठे संपते, हे कसे ओळखायचे?

मराठीत विरामचिन्हे फार जुनी नाहीत. मोडी कागदांत ती नसत, शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडलेली नसे. आजची स्वल्पविराम-पूर्णविरामाची पद्धत एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर आली. ती रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. त्याआधीही मराठी वाचले जात होतेच, कारण वाक्य संपल्याची खूण मराठी क्रियापद स्वतःच देते.

अनुवादक तीच खूण वापरतो. तो मजकुरावर पेन्सिल घेऊन बसतो आणि वाक्य पूर्ण करणारी क्रियापदे अधोरेखित करतो. वरच्या नमुन्यात ती आठ आहेत : आले, म्हणाले, आहे, कोरला, मारले, निघाले, दिले, केली. 'काढत असता', 'सांगितले असता', 'लागून', 'गेले असता' ही रूपे वाक्य संपवत नाहीत, ती पुढच्या क्रियापदाची वाट पाहतात. एवढे केले, की न थांबणाऱ्या त्या ओळीचे सांधे दिसू लागतात. भांडखोरांचे बोलणे 'कोरला' या शब्दापाशी संपते, कारण पुढच्या 'मी'चे क्रियापद फिर्यादीचे आहे.

दुसरी खूण लिंग-वचनाची. 'मी सोडविण्यास गेले' यातल्या 'गेले' वरून फिर्याद देणारी स्त्री आहे, हे इथेही पक्के होते. इंग्रजी क्रियापदात ही खूण उरत नाही. म्हणून मराठी मजकूर जे सांगतो ते आधी टिपून ठेवायचे आणि मग भाषा बदलायची, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

सगळ्या चुका सारख्याच असतात का?

नाही. अनुवादक पहिल्या वाचनात चुकांची तीन ढिगांत वाटणी करतो.

पहिल्या ढिगात एकच अर्थ असलेल्या चुका येतात. 'सागितले' म्हणजे 'सांगितले' आणि 'ढकलुन' म्हणजे 'ढकलून'. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'मार्च'चे 'माचर्' होते, रफार एक घर पुढे सरकतो. अशा जागी दुसरा अर्थ संभवतच नाही. इथे सरळ योग्य अर्थ घ्यायचा. टीप देण्याचीही गरज नसते.

'मुक्का मार' हीदेखील याच ढिगातली चूक, पण ती फसवी आहे. रूढ शब्द 'मुका मार' असा आहे. जखम उघडी न होता आतून लागलेला मार, असा त्याचा अर्थ. एक 'क' जास्त पडला, की तो हिंदीतल्या मुठीच्या ठोशासारखा दिसतो. नवखा अनुवादक 'ठोसा मारला' असे लिहून मोकळा होतो. म्हणजे काठी मारल्याच्या आरोपात एक नवा, फिर्यादीत नसलेला ठोसा शिरतो. 'मार लागून' अशी रचना शेजारी असल्याने हा शब्द इजेबद्दल आहे, ठोशाबद्दल नाही, हे ठरवता येते.

दुसऱ्या ढिगात दोन किंवा अधिक अर्थ निघणाऱ्या जागा येतात. तिसऱ्यात अशक्य गोष्टी. जून महिना 30 दिवसांचा, तरी फिर्याद 31 जूनची. खरी मेहनत या दोन ढिगांवर करावी लागते.

चुकीसारख्या दिसणाऱ्या काही गोष्टी मात्र चुका नसतातच. 'वाजताचे सुमारास', 'माझे पतीस', 'डावे हातावर' ही दफ्तरी मराठीची जुनी वळणे आहेत. बोलीचेही तसेच. कन्नडचा घाट उतरला, की चाळीसगावच्या बाजूला अहिराणी सुरू होते आणि तिथल्या माणसाचे 'मन्हा' म्हणजे 'माझा'. जबाबात असा शब्द आला, तर तो टंकनदोष समजून 'मना' किंवा 'म्हणा' करणे ही दुरुस्ती नाही, नवी चूक आहे.

आरोपी किती, हे स्वल्पविरामावर कसे अवलंबून असते?

'गणेश रामदास काकासाहेब व भीमराव' हे शब्द पुन्हा पाहा. मराठी नावात पहिले स्वतःचे आणि दुसरे वडिलांचे किंवा पतीचे असते. त्यामुळे 'गणेश रामदास' हा रामदासचा मुलगा गणेश असू शकतो, किंवा गणेश आणि रामदास असे दोघे. एका वाचनात पुरुष तीन होतात, दुसऱ्यात चार. शेवटी शिवीगाळ करणारी पत्नी मोजली, तर एकूण चार किंवा पाच.

चार आणि पाच यांत कायद्याने मोठा फरक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 नुसार बेकायदेशीर जमाव ठरायला किमान पाच माणसे लागतात. समान उद्देशाने जमलेल्या अशा जमावातल्या एकाने गुन्हा केला, तर कलम 190 खाली बाकीचेही त्याला जबाबदार ठरू शकतात. चौघेच असतील आणि पाचवा कोणी असल्याचे म्हणणेच नसेल, तर ही कलमे लागत नाहीत. मग सरकार पक्षाला सामाईक इरादा दाखवावा लागतो. ती कसोटी वेगळी आहे. म्हणजे फक्त शिव्या दिल्याचा आरोप असलेल्या बाईवर काठीच्या माराचा भार पडतो की नाही, हा प्रश्न एका सुटलेल्या स्वल्पविरामापर्यंत येऊन थांबतो.

मग अनुवादक ते ठरवतो कसे?

तो आधी त्याच दस्तात शोधतो. प्रथम खबर अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात सातवा रकाना आरोपींच्या तपशिलाचा असतो. तिथे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव वेगवेगळे लिहिलेले असते. आपल्या नमुन्यातल्या फिर्यादीच्या सातव्या रकान्यात चार ओळी आहेत, असे समजू : गणेश, वडील रामदास. काकासाहेब. भीमराव. चौथी भीमरावची पत्नी. आता 'गणेश रामदास' एकच माणूस आहे, याला भक्कम आधार मिळाला.

तरीही अनुवादक फिर्यादीच्या अनुवादात 'गणेश' नंतर किंवा 'रामदास' नंतर स्वतःचा स्वल्पविराम टाकत नाही. सातवा रकाना ठाण्यातल्या माणसाने भरलेला असतो. फिर्यादीचे बोलणे त्याला कसे समजले, हे तो सांगतो. फिर्यादी बाई पुढे न्यायालयात 'मी चौघा पुरुषांची नावे सांगितली होती' असे म्हणाली, तर तो वाद मूळ शब्दांवरच लढला जाणार. सुदैवाने इथे इंग्रजीतही नावे त्याच क्रमाने, चिन्हाशिवाय लिहिता येतात. मूळची संदिग्धता जशीच्या तशी पलीकडे जाते. खाली चौकटी कंसात एक टीप येते : मूळ मजकुरात नावांमध्ये विरामचिन्ह नाही, सातव्या रकान्यात गणेशच्या वडिलांचे नाव रामदास आहे. वाचणारा दोन्ही गोष्टी पाहतो आणि ठरवायचे काम ज्याचे, तो ठरवतो.

'त्यानी' म्हणजे तो की ते?

ही जागा अधिक अवघड आहे. प्रमाण मराठीत एकासाठी 'त्याने' आणि अनेकांसाठी 'त्यांनी'. फिर्यादीत 'त्यानी' आहे. अनुस्वार गळाला असेल, तर मारणारे अनेक. बोलण्यातला उच्चार तसाच उतरवला असेल, तर एकच, कारण बोलताना 'त्याने'चे 'त्यानी' सर्रास होते.

इथे अनुवादक लिहिणाऱ्याची सवय तपासतो. त्याच फिर्यादीत थोडे आधी 'त्याना' आले आहे. एकासाठी 'त्याला' झाले असते, म्हणून 'त्याना' म्हणजे नक्कीच 'त्यांना'. याचा अर्थ या टंकणाऱ्याच्या हातून याच सर्वनामातला अनुस्वार एकदा गळालेला आहे. 'सागितले' मध्येही तो गळाला. या हिशेबाने 'त्यांनी' कडे पारडे झुकते. पण लगेच पुढे 'काठीने' आहे, एकवचनात. तिघांनी एकाच काठीने मारले? काठी हा शब्द साधन म्हणून एकवचनातही वापरतात, तरी शंका उरतेच.

दोन्ही बाजूंना आधार आहे, निर्णय होत नाही. अशा वेळी प्रामाणिक उत्तर एकच : अनुवादात दोन्ही सर्वनामे तिरप्या रेघेने लिहायची आणि टिपेत मूळ शब्द देवनागरीत द्यायचा. ते वाचायला खडबडीत लागते. पण 'त्याने' असे गुळगुळीत लिहिले, तर दोघे सुटतात, आणि 'त्यांनी' लिहिले, तर दोघे अडकतात. दोन्ही गोष्टी अनुवादकाच्या टेबलावर घडायला नकोत.

पुढच्या 'मला ढकलुन दिले' या वाक्यात तर कर्ताच नाही. इथे इंग्रजीतली कर्मणी रचना कामाला येते. ढकलले गेले एवढेच सांगायचे, कोणी ते सांगायचे नाही. मुळात जे रिकामे आहे, ते अनुवादातही रिकामे ठेवता आले, तर ठेवावे.

डोके की हात, रक्त कुठून निघाले?

'काठीने मारले डोक्यावर डावे हातावर मुक्का मार लागून रक्त निघाले.' वाक्य 'मारले' पाशी तोडले, तर डोके आणि हात दोन्हींवर मुका मार आहे. 'डोक्यावर' नंतर तोडले, तर काठी डोक्यात बसली आणि मुका मार फक्त हाताला. शिवाय मुका मार लागून रक्त निघत नाही, म्हणून लिहिताना दोन वाक्ये एकमेकांत मिसळली असावीत, असा संशय येतो.

प्रकरणात डॉक्टरांचे प्रमाणपत्र असते. आपल्या नमुन्यात त्यावर डोक्याला फाटलेली जखम आणि डाव्या हाताला सूज अशी नोंद आहे, असे धरू. आता चित्र स्पष्ट होते : रक्त डोक्यातून, मुका मार हाताला. अनुवादकाला अर्थ समजला. मोह इथेच होतो. दोन स्वच्छ वाक्ये लिहून टाकली, की काम झाले.

पण तसे केले, तर फिर्याद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा मेळ अनुवादकाने घालून दिलेला असेल. बचावाच्या वकिलाचा मुद्दाच कदाचित हा असेल, की फिर्यादीत डोक्याच्या रक्ताचा नीट उल्लेख नाही. साक्षीदाराच्या आधीच्या लेखी म्हणण्यातली विसंगती उलटतपासणीत दाखवता येते. फिर्यादीचाही त्यासाठी वापर होतो. ती विसंगती अनुवादात बुजवली, तर एका बाजूचे नुकसान होते. म्हणून डॉक्टरांचा कागद अर्थ समजून घ्यायला वापरायचा, मजकूर सुधारायला नाही. शब्दांचा क्रम शक्य तितका मूळचा ठेवायचा आणि वाक्य कुठे तुटते ते मुळात स्पष्ट नाही, एवढेच टिपेत सांगायचे.

31 जूनचे काय करायचे?

तारीख आहे तशीच लिहायची आणि तिच्यापुढे चौकटी कंसात 'मुळात असेच' या अर्थाची खूण करायची. 30 जून असेल की 1 जुलै, हा अंदाज अनुवादकाने लिहायचा नाही. कारण तारखेला उशीर चिकटलेला असतो. फिर्याद 1 जुलैला नोंदली गेली असेल, तर 1 जुलैची घटना त्याच दिवशी कळवली असे होते आणि 30 जूनची घटना एका दिवसाच्या उशिराने. उशिराचे कारण लिहायला अहवालात आठवा रकाना वेगळा ठेवलेला आहे. घटनेची तारीख तिसऱ्या रकान्यातही असते. तिथे वेगळी तारीख दिसली, तर टिपेत तिचा उल्लेख करता येतो.

लिहिणाऱ्यालाच का विचारत नाहीत?

कंपनीचे माहितीपत्रक, परिपत्रक किंवा पुस्तक असेल, तर विचारायचेच असते. तिथे लेखकाला प्रश्न पाठवला, त्याने उत्तर दिले, मूळ मजकूर सुधारला आणि मग अनुवाद झाला, तर सगळ्यांचाच फायदा. औषधाच्या चिठ्ठीवरचा दशांश चिन्हाचा घोळ तसाच ठेवून अनुवाद करणे तर धोक्याचे. प्रश्न विचारतानाही रीत असते. 'हे वाक्य कळले नाही' असे कळवण्यापेक्षा 'याचा अर्थ अ की आ' असे दोन्ही पर्याय लिहून पाठवले, की उत्तर नेमके येते.

फिर्यादीचे तसे नाही. ती वाचून दाखवून, सही घेऊन नोंदली जाते. त्या क्षणी तिचे शब्द गोठतात. नंतर फिर्यादीला फोन करून 'तुम्हाला काय म्हणायचे होते' असे विचारले आणि त्यावरून अनुवाद केला, तर तो जुन्या कागदाचा अनुवाद उरत नाही, नवा जबाब होतो. अनुवादक वकिलाकडे फार तर स्पष्ट झेरॉक्स, हस्तलिखित मूळ किंवा सोबतचे पंचनामे मागू शकतो. अस्पष्ट झेरॉक्समध्ये उडालेला अनुस्वार मूळ प्रतीत असतो, असेही घडते. म्हणून पहिली मागणी चांगल्या प्रतीची असते.

अनुवादकाला आपल्या निवडीचा जाब द्यावा लागतो, याचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण 1908 चे आहे. 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायालयापुढे इंग्रजी भाषांतरे होती. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, भाषांतरातल्या शब्दांवर आक्षेप घेतले आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. ते लेख तर मुद्रित आणि नेटके होते, वाद फक्त शब्दाच्या छटेचा होता. मूळच मोडके असेल, तर अनुवादकाला अधिक सावध राहावे लागते, ते यामुळे.

टिपा किती द्यायच्या?

प्रत्येक ओळीला टीप दिली, तर अनुवाद वाचवत नाही आणि महत्त्वाची टीप गर्दीत हरवते. त्यासाठी एक सोपी कसोटी वापरता येते. चुकीमुळे कोण, किती, केव्हा, कुठे किंवा कशाने यांपैकी एकाचे उत्तर बदलत असेल, तरच टीप द्यायची. 'ढकलुन'मुळे काही बदलत नाही. 'त्यानी'मुळे 'कोण' आणि 'किती' दोन्ही बदलतात. आपल्या नमुन्यात या कसोटीने चारच टिपा लागतात : तारीख, नावे, 'त्यानी' आणि मार लागल्याची जागा. 'त्याची पत्नी' कोणाची, हा प्रश्न नावांच्या टिपेतच सातव्या रकान्याचा दाखला देऊन मिटतो.

काम झाल्यावर तपासण्याचीही एक रीत आहे. मूळ कागद न पाहिलेल्या माणसाला फक्त इंग्रजी अनुवाद वाचायला द्यायचा आणि हेच पाच प्रश्न विचारायचे. तो ठामपणे 'तिघांनी मारले' असे म्हणाला, तर अनुवादात मुळात नसलेली खात्री शिरली आहे, असे समजायचे. 'एकाने की अनेकांनी, हे कळत नाही' असे उत्तर आले, तर अनुवाद बरोबर आहे.

यात फिर्याद देणाऱ्याच्या हातात काय आहे?

बरेच काही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवावी लागते, मगच सही घेतली जाते. नोंदलेल्या माहितीची प्रत त्याला विनामूल्य मिळते. गोंधळ दुरुस्त करण्याची सर्वांत स्वस्त आणि निर्धोक वेळ हीच, सहीच्या आधीची.

त्या वेळी चार गोष्टी कानांनी तपासता येतात. माणसांची नावे एक, दोन, तीन अशी आकड्यांनी मांडायला सांगावे, म्हणजे बापाचे नाव वेगळा आरोपी होत नाही. 'त्याने'च्या जागी मारणाऱ्याचे नाव घालायला सांगावे. कोणत्या अवयवाला काय लागले, हे एकेका वाक्यात लिहायला सांगावे. आणि तारीख, वार व वेळ मोठ्याने वाचून घ्यावी. वार लिहिला असेल, तर तारखेची चूक नंतरही पकडता येते.

सही झाली, की त्या कागदावरचा प्रत्येक सुटलेला अनुस्वार मूळ पुराव्याचा भाग होतो. पुढे खंडपीठात किंवा दिल्लीत बसलेला अनुवादक त्याची नोंद घेऊ शकतो, तो अनुस्वार परत टाकू शकत नाही.